चिठ्ठीवरच्या खुणा कंपाउंडरसाठी होत्या

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दवाखान्यांत कागल, राधानगरी, निपाणीकडचे पेशंट येतात. तपासणी झाली की चिठ्ठीचा फोटो पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला जातो आणि मागोमाग आईचा फोन येतो, "हे बीडी म्हणजे कसं द्यायचं गं?" लेकीलाही ते नीट कळत नाही. यात त्या दोघींचं काही चुकत नाही. या खुणा घरच्यांनी वाचाव्यात म्हणून तयारच झाल्या नव्हत्या.

जुन्या युरोपात औषध एकजण लिहायचा आणि दुसरा ते कुटून, मोजून बनवायचा. दोघांची समान भाषा लॅटिन होती. लंडनच्या डॉक्टरांच्या कॉलेजने 1618 मध्ये काढलेली औषधसंहिताही लॅटिनमध्येच होती. 1864 मध्ये ब्रिटिश फार्माकोपिया ही औषधसंहिता इंग्रजीत आली, तरी चिठ्ठीवरची लॅटिन आद्याक्षरं राहिली. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मध्ये सुरू झालं. अशा कॉलेजांतून ब्रिटिश पद्धतीचं वैद्यकशास्त्र आलं आणि त्यासोबत या खुणाही आल्या. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. ओडी म्हणजे रोज एकदा. मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलेलं ओडी 'उजवा डोळा' असू शकतं.

आपल्याकडे या खुणा वाचायला कंपाउंडर होता. तो मिक्स्चर बनवायचा, बाटलीवर डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवायचा आणि "सकाळ-संध्याकाळ एकेक खाच, जेवल्यावर" असं तोंडी सांगायचा. पुढे कारखान्यातल्या गोळ्यांची पाकिटं आली. मिक्स्चर गेलं, कंपाउंडरचं ते सांगणंही कमी होत गेलं, पण चिठ्ठीची भाषा बदलली नाही. औषधाच्या दुकानात गर्दी असली की पाकीट मिळतं, समजावणं राहून जातं.

ही पोकळी 1-0-1 या लिखाणाने बरीचशी भरून काढली. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते कळतं आणि म्हणूनच मला ते बीडीपेक्षा सरस वाटतं. पण त्याची एक मर्यादा आहे. त्यात फक्त एक दिवस मावतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी त्या तीन आकड्यांत सांगताच येत नाही.

समजा, संधिवाताच्या आज्जींची चिठ्ठी आहे. पहिली ओळ: 'टॅब एमटीएक्स 7.5, 0-0-1, रवि, एकूण 4'. खाली फॉलिक ॲसिड 5, 0-0-1, सोम. त्याखाली पॅरासिटामॉल 650, एसओएस. कोपऱ्यात 1/12, म्हणजे एक महिना. ब्रिटिश पद्धतीत 5/7 म्हणजे पाच दिवस आणि 2/52 म्हणजे दोन आठवडे. तारीख नव्हे, अपूर्णांकही नव्हे. फोटो काढताना उजवी कड कापली गेली, तर 'रवि', 'सोम' आणि 'एकूण 4' तिघंही जातात. उरतं 0-0-1, आणि घरचे ते रोज रात्री एक असंच वाचणार.

एमटीएक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवातात ती आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घेतात. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि जिवावर बेतू शकतं. औषधाचं नाव असं तीन अक्षरांत लिहिणंच धोक्याचं, असं औषध-सुरक्षेवर काम करणारे सांगत आले आहेत. मेडिकल कौन्सिलनेही 2016 मध्ये औषधाचं जेनेरिक नाव, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असं नियमात घातलं.

मग घरच्यांनी पडताळायचं कसं? संख्येवरून. औषधाच्या कायद्याखालच्या नियमांनुसार चिठ्ठीवर डोसासोबत एकूण किती औषध द्यायचं तेही लिहायचं असतं. ते फोटोत नसेल तर बिल पाहावं. महिन्याच्या औषधाला चारच गोळ्या मिळाल्या असतील, तर 'रोज एक' हे वाचन चुकीचं आहे. पण दुकानदाराने दहाची अख्खी पट्टी दिली असेल, तर हा पुरावा पुसला जातो, तेव्हा दुकानात किंवा दवाखान्यात फोन करून "ही गोळी कोणत्या वारी?" असंच विचारावं. पॅरासिटामॉलबाबतही 'त्रास झाला तर' एवढ्यावर थांबू नये; दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे विचारून चिठ्ठीवरच मराठीत लिहून घ्यावं.

फोटो काढताना चिठ्ठीच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत, आणि व्हॉट्सअॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर बारीक टिंबं पुसट होत नाहीत. 7.5 मधलं टिंब गेलं की 75 उरतं. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिली गेल्याचं लक्षात आलं, तर तोंडात फोड किंवा ताप येण्याची वाट न पाहता, पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी पेशंटला दवाखान्यात न्यावं.