तिहेरी उडी : तीन टप्प्यांचा तोल आणि लय

तिहेरी उडीत खेळाडू धावत येऊन फळीवरून एका पायाने उडतो व त्याच पायावर उतरतो (हॉप, म्हणजे लंगडी). मग दुसऱ्या पायावर येतो (स्टेप, म्हणजे ढांग) आणि त्या पायाने उडून वाळूत पडतो (जंप, म्हणजे उडी). हा क्रम अंगवळणी पडलेल्या, साधारण ११ ते १३ मीटर उडणाऱ्या मध्यम स्तरावरच्या मुलाचा दोष बहुधा एकच असतो. त्याची लंगडी लांब जाते, ढांग आखूड पडते आणि शेवटची उडी कशीबशी उरकली जाते. तिन्ही टप्प्यांच्या लांबीचा तोल साधून लय शिकवण्याची पद्धत या दोषावरचाच उपाय आहे.

हा दोष बघण्याआधी ऐकू येतो. मैदानाकडे पाठ करून उभे राहिले तर चार आवाज कानी पडतात. पहिला फळीचा, मग उतरणाऱ्या पायांचे दोन आणि शेवटी वाळूचा. चांगल्या उडीत त्यांमधली अंतरे जवळपास सारखी वाटतात, मधले किंचित कमी. ढांग आखूड असली की ‘ठप्... ठप्-ठप्... खस्स’ असे ऐकू येते, म्हणजे मधले दोन ठोके एकमेकांना चिकटतात. शाळेत लेझीम खेळलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याला ठोका चुकल्याचे आपोआप कळते.

ढांग आखूड का पडते, याचे उत्तर ढांगेत नसून तिच्या आधीच्या लंगडीत असते. खेळाडू फळीवरून उंच उडतो तेव्हा तो तितक्याच जोराने खाली येतो. वरच्या पातळीवरच्या उड्यांत या उतरण्याच्या क्षणी पायावर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून अधिक भार येतो. मध्यम स्तरावरच्या मुलाचा पाय तो पेलत नाही, गुडघा दुमडतो, कंबर खाली बसते आणि तोल सावरायला दुसरा पाय घाईने जमिनीला लागतो. पाय शरीराच्या फार पुढे टेकला तर तो ब्रेकसारखे काम करतो आणि धावण्याचा वेग तिथेच मरतो. मराठी मुलांना लंगडीच्या खेळाची सवय असते. ती इथे अर्धी उपयोगाची आणि अर्धी अडचणीची ठरते. एका पायावर तोल राखणे ती शिकवते, पण त्या खेळात पाय चवड्यावर हलकेच टेकतो. तिहेरी उडीत पाऊल जवळजवळ सपाट टेकवून मागे ओढावे लागते, जणू पायाखालची जमीन मागे ढकलायची आहे.

टप्पे मोजताना फळीपासून नव्हे, तर चवड्याच्या टोकापासून चवड्याच्या टोकापर्यंत मोजावे, आणि शेवटचा टप्पा तिथून वाळूतल्या सर्वांत मागच्या खुणेपर्यंत. फळीच्या मागे राहिलेले अंतर अधिकृत मोजणीत वाया जाते, पण तोल बघताना ते लंगडीतच धरावे लागते. पावलाची खूण दिसावी म्हणून धावपट्टीच्या कडेने एक जण फक्कीची चिमूट टाकत जातो. नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज सहज चुकतो.

एक उदाहरण घेऊ. आठ पावलांच्या रनअपवरून एक मुलगा ११.६० मीटर उडतो : लंगडी ४.६०, ढांग २.८०, उडी ४.२०. टक्केवारी ३९.७, २४.१ आणि ३६.२. एखादा टप्पा दुसऱ्या क्रमांकाच्या टप्प्याहून निदान दोन टक्क्यांनी मोठा असेल, तर ती उडी त्या टप्प्याच्या वरचष्म्याची मानण्याची रीत आहे. त्या हिशेबाने ही उडी लंगडीच्या वरचष्म्याची. शिकवण्यापुरते ३६, २९ आणि ३५ टक्के हे ध्येय ठेवले, तर तेवढ्याच अंतरात लंगडी ४.२०, ढांग ३.३५ आणि उडी ४.०५ होते. याच अंतरांवर कडेला खुणा मांडतात. ‘ढांग लांब टाक’ असे मुलाला सांगत नाहीत. तसे सांगितले की तो पाय पुढे फेकतो आणि ब्रेक आणखी घट्ट बसतो. त्याला फक्त सांगतात, ‘लंगडी खालून जाऊ दे, पहिली खूण ओलांडू नकोस.’

पहिल्या आठवड्यात उडी बहुधा घटते. या मुलाची लंगडी ४.२५, ढांग ३.२० आणि उडी ३.८५ झाली, तर एकूण ११.३० मीटर भरते, म्हणजे तीस सेंटिमीटर कमी. इथे मुलगा खट्टू होतो आणि सरांचीही परीक्षा असते, कारण लंगडी पुन्हा मोकळी सोडली तर पहिल्याच दिवशीचा आकडा परत येतो, दोषासकट. धीर धरला, तर वेग टिकू लागतो आणि ४.२५, ३.४० व ४.१५ मिळून ११.८० होतात. लंगडी मूळ उडीपेक्षा पस्तीस सेंटिमीटरने आखूडच राहिली, पण ढांग साठ सेंटिमीटरने वाढली.

खुणांचा एक तोटा आहे. मुलगा मान खाली घालून त्या शोधू लागतो आणि खांदे पुढे झुकतात. म्हणून दोन उड्या खुणांसह झाल्या की तिसरी खुणांशिवाय घ्यावी आणि तीत फक्त ठोका ऐकावा. टाच दुखू लागली, तर पाय फार पुढे आणि टाचेवर पडतो आहे असे समजून त्या दिवशी थांबावे.

मुंबईत जागेचा प्रश्न आहेच. प्रियदर्शिनी पार्कसारख्या ठिकाणी सिंथेटिक ट्रॅक आहे, पण बहुतेकांचा सराव मैदानातल्या गवतावर किंवा मातीवर होतो. जून ते सप्टेंबर ओल्या गवतावर पाय मागे ओढला की घसरतो. त्या दिवसांत छपराखाली दोन-तीन पावलांवरून, छोट्या अंतरांच्या खुणांवर लय राखणे एवढेच करावे. फळीची जागा हाही नेहमीचा घोळ. मोठ्या स्पर्धांत पुरुषांची फळी वाळूपासून १३ मीटरवर असते. वरच्या मुलाने तिथून उडी मारली, तर तो वाळूच्या आधीच पडेल. सात मीटरवर खूण आखली, तर उलट त्याची ढांगच वाळूत संपेल, कारण लंगडी आणि ढांग मिळून ७.६५ मीटर होतात. त्याला नऊ मीटर योग्य.

३६–२९–३५ हे प्रमाण सर्वांसाठीचे नाही. ७ ऑगस्ट १९९५ रोजी गोथेनबर्ग येथे जोनाथन एडवर्ड्‌सने १८.२९ मीटरचा विश्वविक्रम केला. तेव्हा त्याचे टप्पे ६.०५, ५.२२ आणि ७.०२ मीटर होते, म्हणजे वरचष्मा शेवटच्या उडीचा. त्याच्यासारखा वेग टिकवता येणाऱ्याला तो मार्ग जमतो, तर पायात भरपूर ताकद असलेला लंगडीवर भर देऊनही लांब जातो. शिवाय टक्केवारी एकटी फसवते. लंगडी कोसळून तीनही टप्पे सारखेच आखूड झाले, तरी कागदावर तोल सुंदर दिसतो. म्हणून टक्क्यांशेजारी एकूण अंतर नेहमी लिहावे. रनअप आठावरून बारा पावलांवर नेला की वेग वाढतो, लंगडी आपोआप लांबते आणि जुना दोष डोके वर काढतो. तेव्हा जुन्या खुणा उचलून, नव्या रनअपवरच्या तीन-चार उड्या मोजून, त्यांवरून नव्या खुणा मांडाव्या लागतात.