लुबाडू शोधपत्रिका

लेखकाकडून शुल्क घेऊन, तज्ज्ञांकडून होणाऱ्या समीक्षणाचा नुसता देखावा करून हाती येईल तो शोधनिबंध छापणारे नियतकालिक. ‘प्रिडेटरी जर्नल’ हे नाव अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांच्यामुळे २०१० च्या सुमारास रूढ झाले. शुल्क घेणे हा स्वतःत दोष नव्हे. वाचकांना मोफत मिळणाऱ्या अनेक चांगल्या मुक्त पत्रिकाही ते घेतात. पैसे घेऊन समीक्षण न करणे हा दोष.

यातला सर्वांत फसवा प्रकार म्हणजे नक्कल पत्रिका. एखादी जुनी, बहुधा फक्त छापील निघणारी पत्रिका हेरायची, तिचे नाव आणि आयएसएसएन हा ओळख क्रमांक उचलायचा आणि नवी वेबसाइट थाटायची. विद्यार्थी नाव मान्य पत्रिकांच्या यादीत शोधतो, ते सापडते, आणि तो निर्धास्त होतो.

समजा, गोव्यात ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीने खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीजवळ मिळणाऱ्या माशांवर निबंध लिहिला. मानस म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आतबाहेर सोडणारे दार. तिला ईमेल येतो: तीन दिवसांत स्वीकृती, शुल्क २,५०० रुपये. नाव स्कोपस या शोधपत्रिकांच्या सूचीत आहे. आता तिने ईमेलमधल्या दुव्यावरून जाऊ नये. portal.issn.org वर क्रमांक टाकून तिथे नोंदलेले नाव आणि देश पाहावेत, आणि वेबसाइटवर दिलेला प्रकाशक स्कोपसच्या नोंदीतल्या प्रकाशकाशी जुळतो का ते तपासावे. मग वेबसाइटवरच्या जुन्या अंकातल्या एखाद्या लेखाचा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, doi.org वर टाकावा. तो उघडलाच नाही किंवा भलत्याच पत्रिकेत नेऊन सोडू लागला, तर नक्कल असल्याचा दाट संशय घ्यावा. मासे, व्यवस्थापन आणि संस्कृत व्याकरण एकाच अंकात असेल तर पुढे तपासायचीही गरज नाही. नुसत्या आयएसएसएनवर भिस्त नको. तो ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे.

यूजीसीची मान्य पत्रिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ ही जाहिरात आता जुन्या नाण्यासारखी आहे. शिवाय प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही अट यूजीसीने २०२२ च्या पीएच.डी. नियमांत ठेवलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र गाईडला विचारून घ्यावा. निम्मी घाई तिथेच ओसरते.

पहिला निबंध कुठे पाठवावा याचे उत्तर बहुतेकदा आपल्याच संदर्भसूचीत असते. वरच्या मुलीने ज्या पत्रिकांतले लेख दोनतीनदा उद्धृत केले, त्यांतल्या तिच्या विषयाच्या आणि आवाक्यातल्या तीन निवडाव्यात. प्रत्येकीच्या लेखांवरच्या ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ तारखा पाहाव्यात. मध्ये काही महिने गेलेले दिसणे नेहमीचेच. निबंध एका वेळी एकीकडेच पाठवायचा असतो, त्यामुळे क्रम आधी ठरवलेला बरा.

निबंध लुबाडूंकडे गेलाच असेल, तर पैसे भरू नयेत, हक्कपत्रावर सही करू नये आणि मागे घेत असल्याचे लगेच लेखी कळवावे. उलट ‘मागे घेण्याचे शुल्क’ मागितले जाते. तेही देऊ नये. मात्र तो तिथे छापून आला, तर दुसरी पत्रिका त्याला पूर्वप्रकाशित मानते, आणि मानशीजवळ वर्षभर मोजलेले मासे त्याच पानावर अडकून राहतात.