वर्तुळाकार शाफ्टमधील पीळ आणि शाफ्टचा व्यास

शाफ्टच्या एका टोकाला मोटर फिरवते आणि दुसऱ्या टोकाला यंत्र विरोध करते, तेव्हा शाफ्टला पीळ बसतो. हा पीळ देणाऱ्या परिबलाला टॉर्क म्हणतात. ठरावीक शक्ती ठरावीक वेगाने वाहून न्यायची असेल, तर शाफ्ट किती जाड हवा आणि तो भरीव असावा की पोकळ, हा या नोंदीचा विषय आहे. उदाहरण म्हणून साखर कारखान्यातील उसाच्या गाळप गिरणीचा ड्राइव्ह घेतला आहे. त्यात तीच शक्ती आधी वेगवान बारीक शाफ्टमधून आणि मग अतिशय संथ, अवजड शाफ्टमधून जाते, त्यामुळे या विषयातले जवळपास सगळे प्रश्न एकाच ठिकाणी भेटतात.

पिळाचा नियम प्रयोगाने प्रथम नीट मांडला तो फ्रेंच अभियंता शार्ल कूलाँ याने, १७८४ मध्ये. धातूच्या तारा पिळून त्याने दाखवले की तारेचा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो आणि लांबीनुसार घटतो. यामागचे चित्र सोपे आहे. गोल शाफ्ट पिळला की त्याचा प्रत्येक आडवा छेद सपाटच राहतो आणि आपल्या शेजारच्या छेदापेक्षा किंचित जास्त फिरतो. छेदावरची त्रिज्या सरळच राहते. म्हणून मध्याजवळचे कण थोडे सरकतात आणि पृष्ठभागावरचे सर्वांत जास्त. धातूचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारे कर्तन प्रतिबल, म्हणजे वर्कशॉपमधला शिअर स्ट्रेस, त्याच प्रमाणात मध्यभागी शून्य आणि पृष्ठभागावर कमाल असते. हे सगळे एका ओळीत असे बसते:

```
τ / r = T / J = G·θ / L
```

यात T हा टॉर्क, τ हे मध्यापासून r अंतरावरचे प्रतिबल, θ हा L लांबीत पडलेला पिळाचा कोन (रेडियनमध्ये) आणि G हा धातूचा दृढता गुणांक, म्हणजे पिळाला धातू किती ताठ राहतो याचे माप. पोलादासाठी G साधारण ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी असतो. J हे छेदाचे ध्रुवीय निरूढी परिबल, म्हणजे छेदाचा आकार पिळाला किती विरोध करतो ते सांगणारा आकडा. भरीव शाफ्टसाठी ते πd⁴/32 आणि पोकळ शाफ्टसाठी π(D⁴ − d⁴)/32 येते. पोकळ शाफ्टमध्ये D बाहेरचा व्यास आणि d आतला. भरीव शाफ्टसाठी यातूनच पृष्ठभागावरचे प्रतिबल τ = 16T/(πd³) मिळते.

आता गिरणीकडे वळू. समजा एका गिरणीच्या ड्राइव्हला ३०० किलोवॅट शक्ती लागते. मोटर मिनिटाला १,००० फेरे घेते आणि गिअरबॉक्सनंतर गिरणीचा रोलर मिनिटाला ५ फेरे. शक्ती P वॅटमध्ये आणि वेग N फेरे प्रति मिनिट धरला, तर टॉर्क येतो T = 60P/(2πN). मोटरच्या शाफ्टवर तो सुमारे २,८६५ न्यूटन-मीटर भरतो. गिअरबॉक्समधले नुकसान बाजूला ठेवले, तर रोलरकडे जाणाऱ्या शाफ्टवर शक्ती तीच, पण वेग २०० पट कमी. म्हणून टॉर्क २०० पट, म्हणजे सुमारे ५,७३,००० न्यूटन-मीटर. शाफ्टला शक्ती कळत नाही, त्याला कळतो फक्त टॉर्क. शाफ्टचा आकार ठरवताना होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत महागडी चूक नेमकी इथेच होते: मोटरच्या पाटीवरचे किलोवॅट पाहून व्यास ठरवायचा आणि शाफ्ट त्या जागी किती वेगाने फिरतो, हे विचारायचेच नाही.

पुढचा प्रश्न, प्रतिबल किती चालेल? साध्या पोलादी शाफ्टसाठी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत, गिअर किंवा कपलिंग शाफ्टवर घसरू न देणाऱ्या चावीची खाच नसेल तर ५६ आणि खाच असेल तर ४२ न्यूटन प्रति चौरस मिमी असे आकडे वर्षानुवर्षे वापरले जातात. खाचेच्या कोपऱ्यांत प्रतिबल एकवटते, म्हणून ही एक चतुर्थांश कपात. आपण ४० धरू. मग मोटरकडच्या शाफ्टसाठी d³ = 16T/(πτ) हे सूत्र सुमारे ७१.५ मिमी व्यास देते. बाजारात सहज मिळणारा ७५ मिमीचा बार घ्यायचा. रोलरकडच्या शाफ्टसाठी तेच सूत्र सुमारे ४१८ मिमी देते. टॉर्क २०० पट वाढला, पण व्यास सहा पटींच्याही आतच वाढला, कारण शाफ्टची ताकद व्यासाच्या घनानुसार वाढते. एकके मात्र इथे जपावी लागतात. प्रतिबल न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये असेल तर टॉर्क न्यूटन-मिमीमध्ये हवा. न्यूटन-मीटरमधला आकडा तसाच टाकला तर व्यास दहापट लहान येतो, आणि हजाराचे घनमूळ दहा असल्यामुळे ही चूक लगेच ओळखता येते.

पोकळ शाफ्टचा फायदा याच मोठ्या शाफ्टवर स्पष्ट दिसतो. भरीव शाफ्टच्या अर्ध्या त्रिज्येच्या आतला गाभा एकूण धातूचा चौथा हिस्सा असतो, पण तो टॉर्कचा फक्त सोळावा हिस्सा पेलतो. म्हणजे तेवढा गाभा पोखरून काढला तर वजन २५ टक्के घटते आणि ताकद सहा टक्क्यांच्या आसपास. आणि बाहेरचा व्यास थोडा वाढवायची मुभा असेल, तर ताकद मुळीच गमवावी लागत नाही. आतला व्यास बाहेरच्या ०.६ पट ठेवला, तर पोकळ शाफ्टची ताकद त्याच बाह्य व्यासाच्या भरीव शाफ्टच्या ०.८७ पट असते. ती भरून काढण्यासाठी बाहेरचा व्यास ४१८ वरून सुमारे ४३८ मिमी करावा लागतो आणि आतला २६३ मिमी येतो. भरीव शाफ्टचे वजन मीटरला सुमारे १,०७७ किलो भरते, तर या पोकळ शाफ्टचे ७५६ किलो. व्यास पाच टक्क्यांहून कमी वाढला आणि वजन ३० टक्के घटले.

मग सगळेच शाफ्ट पोकळ का नसतात? ७५ मिमीच्या शाफ्टवर वाचणारे वजन किरकोळ असते, पण लांब सरळ भोक पाडण्याचा खर्च वाचलेल्या धातूपेक्षा जास्त पडतो. शिवाय बाहेरचा व्यास वाढला की बेअरिंग आणि कपलिंगही मोठे घ्यावे लागतात. भिंत फारच पातळ केली, तर प्रतिबल मर्यादेत असूनही नळीला तिरप्या सुरकुत्या पडून ती आत दबते. तो अपाय वरच्या सूत्रात कुठेच दिसत नाही. आणि भिंत जाड नसेल तर चावीची खाच कोरायला जागाच उरत नाही. ट्रकचा प्रॉपेलर शाफ्ट नळीचा असतो, कारण तिथे लांबी मोठी आहे, वजन खुपते आणि टोकांचे जोड वेल्डिंगने बसवता येतात. कारखान्यातल्या आखूड शाफ्टसाठी भरीव बार हाच बहुतेक वेळा योग्य निर्णय ठरतो.

ताकद पुरली म्हणजे काम संपले असे नाही. शाफ्ट किती पिळतो, हेही पाहावे लागते. ७५ मिमीच्या मोटर शाफ्टमध्ये प्रत्यक्ष प्रतिबल ३४.६ येते आणि मीटरभर लांबीत सुमारे ०.६६ अंशाचा पीळ पडतो. व्यासाच्या वीसपट लांबीत एक अंशापेक्षा जास्त पीळ नको, असा जुना संकेत आहे. इथे वीसपट म्हणजे दीड मीटर, आणि त्यात पीळ पडतो ०.९९ अंश. हा निव्वळ योगायोग नाही. सूत्र मांडून पाहिले, तर पोलादाच्या कोणत्याही व्यासाच्या शाफ्टसाठी हा संकेत म्हणजे पृष्ठभागावर सुमारे ३५ न्यूटन प्रति चौरस मिमीची मर्यादा, असाच अर्थ निघतो. म्हणून जिथे पीळ कमी हवा, तिथे महागडे मिश्र पोलाद घेऊन उपयोग होत नाही. उष्मोपचार केलेले पोलाद जास्त प्रतिबल सोसते, पण त्याचा G साध्या पोलादाइतकाच असतो. पीळ कमी करायचा तर व्यास वाढवणे किंवा लांबी घटवणे हाच मार्ग उरतो.

वरची सगळी गणिते एकसारख्या टॉर्कची होती. गिरणीत उसाचा थर कधी जाड येतो, कधी पातळ. एखादा लोखंडी तुकडा आला तर टॉर्क क्षणात उसळतो. अशा धक्क्यांसाठी टॉर्कला आधीच एका गुणकाने गुणतात. गुणक १.५ घेतला तर व्यास साधारण १४.५ टक्के वाढतो, म्हणजे आपला ४१८ मिमीचा भरीव शाफ्ट सुमारे ४७८ मिमीचा होतो. शाफ्टवर गिअर किंवा पुली असेल तर तो वाकतोही. तेव्हा वाकवणारे परिबल M आणि टॉर्क T एकत्र करून √(M² + T²) इतका समतुल्य टॉर्क धरतात आणि पुन्हा त्याच सूत्राने व्यास काढतात.

हे सूत्र फक्त गोल छेदाला लागू आहे, हे गिरणीत विसरून चालत नाही. गिअर आणि रोलर यांना जोडणारा टेल बार पारंपरिक बांधणीत चौरस छेदाचा असतो. चौरस बार पिळला की त्याचे छेद सपाट राहत नाहीत, ते वळतात. याचे गणित फ्रेंच अभियंता साँ-व्हनाँ याने १८५५ मध्ये मांडले. गोल शाफ्टचे सूत्र चौरसावर लावले तर कमाल प्रतिबल कोपऱ्यात येते असे दिसते, तर प्रत्यक्षात कोपऱ्यात ते शून्य असते आणि बाजूंच्या मध्यावर सर्वांत जास्त. शिवाय येणारा आकडा खऱ्यापेक्षा सुमारे १२ टक्के कमी निघतो. चौरसासाठी, बाजू a असताना, τ = 4.81T/a³ हे सूत्र वापरावे.

शाफ्ट तुटलाच, तर तुटलेली बाजू कारण सांगते. एकाच मोठ्या धक्क्याने तुटलेला साधा पोलादी शाफ्ट अक्षाला काटकोनात, जवळपास सपाट तुटतो, कारण असा धातू कर्तनाला आधी हार मानतो. बिडाचा शाफ्ट मात्र ४५ अंशांच्या मळसूत्री रेषेने फुटतो, कारण पिळातून तिरप्या दिशेने येणारा ताण त्याला सोसत नाही. तुटलेल्या पृष्ठभागावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या कमानीसारख्या रेषा दिसल्या, तर तो थकव्याने, महिनोन्‌महिने वाढत गेलेल्या तड्याने तुटला आहे. त्या रेषांचा उगम बहुधा चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात किंवा व्यास जिथे एकदम बदलतो त्या पायरीत सापडतो. असा शाफ्ट नुसता जाड करून बदलला आणि खाचेचा कोपरा तसाच धारदार ठेवला, तर मूळ दुखणे कायम राहते. खाचेच्या तळाला आणि पायरीला पुरेशी गोलाई देणे, हा तिथला पहिला उपाय.