पालुपद मुलांच्या तोंडी यावे म्हणून : गोष्ट वाचून दाखवणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून गोष्टींची पुस्तके घेणारे पालक आणि बालवाडीच्या ताई नेहमी विचारतात की, मुले गोष्ट ऐकतात, पण सोबत म्हणत नाहीत, तर काय करावे. भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सर्वांना ठाऊक असल्याने तिच्याच आधारे हे सांगत आहोत.

या गोष्टीत पुनरावृत्ती दोनदा येते. जाताना भेटणाऱ्या प्रत्येक प्राण्याला म्हातारी सांगते, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.’ मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि इथे ती तिन्ही यमकात आहेत. म्हणून पहिल्या प्राण्यापाशी ओळ पूर्ण वाचावी आणि दुसऱ्यापासून ‘लेकीकडे…’ म्हणून थांबावे. ‘जाईन’ हा शब्द मुलेच पुरवतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाने एवढा एकच शब्द म्हटला, तरी तो पूर्ण सहभाग समजावा.

परतीच्या वाटेवर ‘चल रे भोपळ्या, टुणुक टुणुक’ हे खरे पालुपद येते. त्यात ‘चल रे’, ‘भोपळ्या’, ‘टुणुक’, ‘टुणुक’ असे चार ठेके असून प्रत्येकावर एक टाळी बसते. मात्र मुलांना आपली पाळी कळते ती पालुपदाआधीच्या प्रश्नामुळे. म्हणून प्रत्येक प्राण्याने त्याच शब्दांत विचारावे. कोल्ह्याचा आणि वाघाचा आवाज वेगळा असला तरी चालेल, शब्द बदलू नयेत. या गोष्टीचे शब्द घरोघरी थोडे निराळे असतात. त्यांपैकी कोणताही पाठ घ्यावा, पण एकदा घेतलेला पाठ रोज तोच ठेवावा.

प्रश्नानंतर एक श्वास घेण्याइतके थांबावे. ‘आता म्हणा बरं’ असे सांगू नये, कारण त्याने गोष्ट थांबते आणि परीक्षा सुरू होते. कोणी बोलले नाही, तर पालुपद आपणच म्हणून पुढे जावे. मुलांचे ओठ हलत असतील, तर पुढच्या खेपेला आवाजही येईल. मुले दरवेळी एक ठेका मागे राहत असतील, तर आपली गती जास्त आहे असे समजावे.

सर्वांत मोठी चूक मोठ्यांच्या कंटाळ्यातून होते. तिसरा प्राणी येईपर्यंत वाचणारा थकतो आणि ‘मग पुन्हा तसेच झाले’ म्हणून ओळ गाळतो. नेमक्या त्याच वेळी मुले म्हणायला तयार झालेली असतात. प्राणी तीनच ठेवावेत, पण प्रत्येकाचा संवाद पूर्ण वाचावा.

मोठ्या गटात पालुपदाची आरडाओरड होऊ लागते. तेव्हा मुलांना दटावण्याऐवजी पुढचा प्राणी झोपाळू करावा आणि त्याचा प्रश्न हळू, संथ वाचावा. मुले त्याच चालीने उत्तर देतात. आमच्या पुस्तकांत अशा ओळी जाड ठशात छापल्या आहेत, त्यामुळे कुठे थांबायचे हे वाचता वाचताच दिसते.