वेंकेबाख की मोबिट्झ टू? गळलेल्या ठोक्याच्या दोन्ही बाजू मोजा

नर्सिंगच्या मुलींना ईसीजी शिकवताना मी सराव प्रश्नांचा एक संच वापरते. त्यात सेकंड डिग्री एव्ही ब्लॉकच्या प्रश्नांवर सगळ्यात जास्त खाडाखोड होते. दोन्ही प्रकारांत पी वेव्ह वेळेवर येते, पण मधूनच एखाद्या पीमागे क्यूआरएस येत नाही. ठोका गळतो. वेंकेबाखमध्ये, म्हणजे मोबिट्झ वनमध्ये, ठोका गळण्याआधी पीआर इंटरव्हल लांबत जातो. मोबिट्झ टूमध्ये पीआर तेवढाच राहतो आणि ठोका अचानक गळतो. ही व्याख्या सगळ्यांची तोंडपाठ असते, तरी उत्तर चुकतं. ते का चुकतं, हे खालच्या पहिल्या प्रश्नात दिसेल.

मोजमाप नेहमीचंच धरा: कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, एक छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. नॉर्मल पीआर ३ ते ५ छोटे चौकोन.

प्रश्न १. लीड टूची स्ट्रिप. पी ते पी अंतर सगळीकडे १८ चौकोन. पीआर अनुक्रमे ६, ९, १०, १०, १० चौकोन. सहाव्या पीमागे क्यूआरएस नाही. त्यानंतरच्या ठोक्याचा पीआर ६. क्यूआरएस अरुंद. हा कोणता ब्लॉक?

वर्गात निम्म्या वह्यांत ‘मोबिट्झ टू’ लिहिलेलं असतं. मुलींनी गळलेल्या ठोक्याआधीचे तीन पीआर मोजलेले असतात, १०, १०, १०, आणि ‘पीआर सारखा आहे’ म्हणून त्या मोकळ्या होतात. मोजणी बरोबर असते, फक्त चुकीच्या जागी केलेली असते. वेंकेबाखमध्ये पीआरची सर्वांत मोठी वाढ बहुधा दुसऱ्या ठोक्याला होते. पुढे ती वाढ इतकी कमी होत जाते की साखळी लांब असेल तर शेवटचे दोन-तीन पीआर डोळ्यांना सारखेच दिसतात.

म्हणून तुलना करायची ती खंडाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पीआरची. इथे अलीकडे १०, पलीकडे ६. विश्रांती मिळाल्यावर एव्ही नोडने पुढचा ठोका पुन्हा लवकर खाली सोडला. उत्तर: वेंकेबाख.

आर ते आर अंतरही ताडून पाहा. या स्ट्रिपवर ती २१, १९, १८, १८ आणि खंडाच्या जागी ३२ येतात. पीआर लांबत असतानाही आर-आर अंतर आखडत गेलं. हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण पीआरमध्ये पडणारी भर दर ठोक्याला कमी होते, त्यामुळे असं घडतं. खंड ३२चा आहे, म्हणजे दोन पी-पी अंतरांपेक्षा, ३६पेक्षा, कमी. मोबिट्झ टूमध्ये तो बरोब्बर दुप्पट भरला असता.

एक अडचण इथे हमखास येते. पीआर १० चौकोनांचा झाला की पुढची पी आधीच्या टी वेव्हवर जाऊन बसते आणि ‘पी दिसतच नाही’ असं वाटतं. कोऱ्या कागदाची कड स्ट्रिपला लावा, स्वच्छ दिसणाऱ्या सलग दोन पींवर पेन्सिलने खुणा करा आणि कागद पुढे सरकवत न्या. खूण जिथे टीवर येते तिथे नीट पाहा: ती टी शेजारच्या टीपेक्षा टोकदार असते किंवा तिच्या उतारावर बारीकसा खाचा असतो. तीच तुमची पी.

प्रश्न २. पी-पी २० चौकोन. पीआर ४, ४, ४, चौथ्या पीमागे क्यूआरएस नाही, पुढचा पीआर पुन्हा ४. आर-आर २०, २०, ४०. क्यूआरएस साडेतीन चौकोन रुंद. रुग्णाला चक्कर येते आहे. ब्लॉक कोणता, आणि पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

खंडाच्या दोन्ही बाजूंना पीआर ४, खंड दुप्पट. हा मोबिट्झ टू. रुंद क्यूआरएसही त्याला दुजोरा देतो, कारण इथे अडचण बहुधा एव्ही नोडच्या खाली, हिस बंडल आणि त्याच्या फांद्यांत असते. नोडमधला ब्लॉक झोपेत, खेळाडूंमध्ये किंवा बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, डिगॉक्सिनमुळेही दिसतो आणि बऱ्याचदा रुग्णाला काही जाणवतही नाही. खालचा ब्लॉक मात्र पूर्वसूचना न देता कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये जाऊ शकतो. म्हणून रुग्णाजवळून हलू नका. डॉक्टरांना बोलवायला सांगा, बीपी आणि शुद्ध बघा, १२ लीडचा ईसीजी काढा, आयव्ही लाइन चालू आहे याची खात्री करा आणि पेसिंगचे पॅड आणून ठेवा.

‘मग ॲट्रोपिन भरून ठेवू ना?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. ॲट्रोपिन सायनस नोडचा वेग वाढवतं आणि एव्ही नोडला मदत करतं, म्हणून वेंकेबाखमध्ये त्याचा उपयोग होतो. हिस बंडलच्या खालची वाट त्याने सुधारत नाही. समजा, मिनिटाला ७५ पी येत होत्या आणि चारांतल्या तीन खाली पोहोचत होत्या, तर ठोके साधारण ५६. ॲट्रोपिनने पी १०० झाल्या आणि आजारी वाटेला दोनांतली एकच झेपली, तर ठोके ५०. म्हणजे औषधानंतर नाडी उतरली. डॉक्टर ॲट्रोपिन सांगतीलही, पण त्याची वाट पाहत पेसिंगची तयारी अडवून धरायची नाही.

प्रश्न ३. एका पीमागे क्यूआरएस, पुढचीमागे नाही, असं आळीपाळीने पूर्ण स्ट्रिपभर. वेंकेबाख की मोबिट्झ टू?

या स्ट्रिपवरून सांगता येत नाही, आणि हेच बरोबर उत्तर आहे. पीआर लांबतोय का हे ठरवायला सलग दोन पी खाली पोहोचायला हव्यात, त्या इथे नाहीतच. चार्टवर ‘२:१ एव्ही ब्लॉक’ एवढंच लिहा आणि लांब स्ट्रिप काढा. मध्येच एखाद-दोनदा ३:२ सापडलं की दोन पीआर शेजारी मिळतात आणि उलगडा होतो. क्यूआरएस रुंद असेल तर संशय खालच्या ब्लॉकचा घ्यावा. मात्र तो संशयच, निदान नाही.

प्रश्न ४. एक ठोका गळलाय, आधीचा आणि नंतरचा पीआर ४. मात्र क्यूआरएस नसलेली पी अपेक्षेपेक्षा ६ चौकोन आधी आली आहे आणि तिचा आकारही वेगळा आहे. मोबिट्झ टू?

नाही. ही वेळेआधी आलेली एट्रियल पी आहे. ती आली तेव्हा एव्ही नोड अजून सावरलेला नव्हता, म्हणून ती खाली गेली नाही. पेन्सिलच्या खुणांचा कागद इथेही कामाला येतो: ब्लॉकमध्ये गळलेली पी खुणेवर येते, ही खुणेच्या आधी येते. रात्रपाळीत मॉनिटरवर नुसता खंड पाहिला तर ही आणि मोबिट्झ टूची स्ट्रिप सारखीच दिसते, म्हणून पीआरला हात लावण्याआधी पी-पी मोजून घ्या.