चाफा की फुले? नोट्समधल्या इमोजींची थोडी मागची गोष्ट

माझी भाची नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसते, एमपीएससीची तयारी चालू आहे. परवा तिने आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचं एक पान दाखवलं, टॅबवर टाईप केलेलं, आणि त्यात इतक्या इमोजी की मला आधी वाटलं हा कुणाचा तरी वाढदिवसाचा मेसेज आहे. निम्म्या ओळींपुढे 🔥. म्हटलं हे काय गं? तर म्हणे "मामा, मेंदूला चित्रं जास्त लक्षात राहतात, रिसर्च आहे त्यावर."

रिसर्च आहे हे खरंय. पण तो बहुतेक इमोजीच्या जन्माआधीचा आहे. आज ज्याला सगळे इमोजीचा सेट म्हणून ओळखतात तो 1999 मध्ये जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी केला, 176 चित्रं, प्रत्येक 12 बाय 12 ठिपक्यांत बसवलेलं, आणि ती होती मोबाईलवर हवामान वगैरे थोडक्यात दाखवायला. युनिकोडमध्ये इमोजी मोठ्या संख्येने आल्या त्या 2010 ला. म्हणजे अभ्यासाशी त्यांचा मुळात संबंध नाही, ती सांगड आपण नंतर घातली.

आता चित्रांचं. 1975 मध्ये स्टॅनफर्डला ॲटकिन्सन आणि राव या दोघांनी विद्यार्थ्यांना 120 रशियन शब्द शिकवले. एका गटाला प्रत्येक रशियन शब्दासारखा ऐकू येणारा एक इंग्रजी शब्द दिला आणि तो अन् अर्थ मनातल्या एका चित्रात जोडायला सांगितलं, दुसऱ्या गटाने आपल्या आपल्या पद्धतीने पाठ केलं. परीक्षेत पहिल्या गटाला 72 टक्के शब्द आले, दुसऱ्याला 46. सहा आठवड्यांनी अचानक परत विचारलं तर 43 आणि 28. फरक टिकला, पण आकडा केवढा खाली आला तेही बघा, चित्र जोडलं म्हणजे कायमचं बसलं असं तिथेही झालं नव्हतं.

आपल्याकडे तानापिहिनिपाजा आणि कंचेभागुबेव पिढ्यानपिढ्या चालतंच, पण ती आद्याक्षरांची युक्ती, ती फक्त क्रम देते. आवाजावरून चित्र आणि चित्रावरून अर्थ ही वेगळी गोष्ट.

भाचीच्या पानावरची एक ओळ मात्र खरंच झकास होती. रँडचा वध, 1897, आणि पुढे 🐀👑🌼. उंदीर म्हणजे प्लेग, प्लेगवरून घरोघरची झडती, झडतीवरून रँड. मुकुट म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती गादीवर आली 1837 ला, तिच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून 22 जूनला गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर (आताची विद्यापीठाची मुख्य इमारत) सोहळा होता आणि तिथून परतताना रँडवर गोळी झाडली गेली, म्हणजे 37 मध्ये साठ मिळवले की सालही हातात. आणि 🌼 म्हणजे चाफा, चाफेकर. हे तिसरं अगदी ॲटकिन्सनवालं आहे, आवाजावरून पकडलेलं. पहिली दोन त्याहून भारी, कारण ती नुसती आठवण देत नाहीत, कारण पण सांगतात.

मग 🔥 चं काय बिघडलं? हेडविग फॉन रेस्टॉर्फ नावाच्या जर्मन संशोधक बाईंनी 1933 मध्येच दाखवलं होतं की एकसारख्या गोष्टींच्या यादीत एकच वेगळी घातली, म्हणजे निरर्थक अक्षरांत मध्येच एक आकडा, तर ती जास्त लक्षात राहते. एकच, हे महत्त्वाचं. निम्म्या पानाला 🔥 लावलं की वेगळं काय उरलं? दुसरा घोळ असा की एकाच खुणेला दहा गोष्टी टांगल्या की ती खूण कुठलीच नीट वर काढत नाही. तिच्या पानावर 🏫 तीन ठिकाणी होतं, भिडेवाडा 1848, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 आणि कर्व्यांचं महिला विद्यापीठ 1916. मी बाकीचं झाकून नुसतं 🏫 दाखवलं तर ती तिन्हीवेळा भिडेवाडा म्हणाली.

आणि हो, रँडच्या ओळीत आधी 🔫 पण होतं म्हणे. ॲपलने 2016 ला त्या पिस्तुलाची हिरवी पाण्याची पिचकारी केली, दोनेक वर्षांत बाकीच्यांनीही तेच केलं. गणेशखिंडीत पिचकारी घेऊन उभे असलेले दामोदर चाफेकर डोळ्यासमोर आले म्हणून तिने ते काढून टाकलं. (मी असतो तर ठेवलं असतं, असलं विचित्रच लक्षात राहतं.)

अजून एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. स्वीडनमध्ये तिमो मँटिला यांनी 1986 मध्ये लोकांना पाचशे-सहाशे शब्द दिले आणि प्रत्येक शब्दावर स्वतःला सुचतील त्या तीन खुणा लिहायला लावल्या. नंतर त्याच खुणा समोर ठेवल्या तर नव्वद टक्क्यांच्या वर शब्द आठवले, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या खुणा दिल्या तर बरेच कमी. म्हणून टेलिग्रामवर फिरणाऱ्या रेडीमेड इमोजीवाल्या पीडीएफ नोट्सबद्दल माझं मत फार बरं नाही. तो उंदीर ज्याने शोधला त्याला तो उपयोगी, तुम्हाला तो नुसता उंदीर.

2013 मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून बघितल्या, त्यात हायलायटर मारणं आणि शब्दाला चित्र जोडणं दोन्ही कमी उपयोगाच्या गटात टाकलं. स्वतःची चाचणी घेणं आणि दिवस सोडून सोडून उजळणी करणं हे दोन वरच्या गटात. चित्राची पद्धत खाली गेली त्याची कारणं पण साधी, ती थोड्याच प्रकारच्या माहितीला लागू पडते, बनवायला वेळ खाते आणि काही प्रयोगांत उशिरा विचारलं की फायदा उरतच नाही. साल-नाव-घटना याला ठीक, पण सत्यशोधक समाजाची भूमिका चार वाक्यांत लिहायची असेल तर इमोजी काय करणार.

तरी दोन्ही एकत्र बांधता येतं. आम्ही केलं ते असं, मजकूर झाकायचा, फक्त इमोजी बघून कोऱ्या कागदावर ओळ लिहायची, दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठ दिवसांनी परत. जी इमोजी दोन्हीवेळा गप्प बसली ती उडवायची. मग ती खूण राहत नाही, प्रश्न होतो.

आठव्या दिवशी 🐀 वरून प्लेग झटक्यात आला, 👑 वरून हिशोब करून 1897 पण आलं. 🌼 पाशी ती थांबली, आणि म्हणाली, "फुले!"

आता हसावं की काय. पण चूक तिची नव्हती, फुलाच्या चित्रावरून फुलेच आधी सुचणार ना, आणि कीबोर्डवर चाफा नाहीच. 2016 चा एक कॅनडातला प्रयोग आहे, वेम्स आणि सहकाऱ्यांचा, त्यात शब्द लिहिण्यापेक्षा त्याचं चित्र काढलेलं लोकांना बरंच जास्त आठवलं, आणि तयार चित्र बघण्यापेक्षाही. तिने 🌼 पुसलं, पेन घेतलं आणि तिथे पाच पाकळ्यांचा चाफा काढला, मधोमध पिवळा. जरासा पंख्यासारखा झालाय.