हाडाची रेषा कोणत्या कानाची?

श्रवणचाचणीच्या आलेखाच्या, म्हणजे प्युअर टोन ऑडिओग्रामच्या आडव्या अक्षावर डावीकडून उजवीकडे स्वर उंच होत जातो, साधारण 250 ते 8000 हर्ट्झ. उभ्या अक्षावर डेसिबल असतात, पण उलटे: शून्य वर आणि 100 खाली. त्यामुळे रेषा जितकी खाली, तितकं ऐकू कमी. उजव्या कानाचं लाल वर्तुळ आणि डाव्याची निळी फुली हेडफोनमधून आलेल्या आवाजाची, म्हणजे हवेच्या मार्गाची. टोकदार कंस असतात ते कानामागच्या हाडावर कंपक टेकवून घेतलेल्या चाचणीचे.

हेडफोनचा आवाज बाह्यकर्ण, पडदा, मधल्या कानातली तीन हाडं असं सगळं ओलांडून कॉक्लिआत, म्हणजे आतल्या कानाच्या शंखात पोहोचतो. कंपक कवटीच हलवतो आणि मधला रस्ता बराचसा टाळतो. म्हणून हाडाची रेषा 20 डेसिबलच्या आत, नॉर्मल आहे आणि हवेची 45 वर घसरली आहे, तर अडथळा वाटेत आहे: दोष कंडक्टिव्ह. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून खाली गेल्या, तर बिघाड कॉक्लिआत किंवा नसेत: सेन्सरीन्यूरल. दोन्ही खाली आणि तरीही मध्ये अंतर असेल, तर मिश्र. 10 डेसिबलपर्यंतचा फरक मोजणीतल्या चढउताराचा धरतात. 15 पासून पुढे तो अर्थपूर्ण. या अंतरालाच एअर-बोन गॅप म्हणतात.

इथवर सोपं आहे. प्रश्नपत्रिकेत फसवतो तो पुढचा आलेख.

उजवा कान नॉर्मल, हवा आणि हाड दोन्ही 10 डेसिबलच्या आसपास. डाव्या कानाची हवेची रेषा 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला 55, 60, 60. डाव्याच्या हाडाची 5, 10, 10. गॅप तब्बल 50. घाईत उत्तर येतं: डाव्या कानात मोठा कंडक्टिव्ह दोष, बहुधा हाडांची साखळी तुटलेली. प्रत्यक्षात हा कान पूर्ण बहिरा असू शकतो.

कारण कंपक डाव्या कानामागे ठेवला तरी हलते ती अख्खी कवटी. आवाज उजव्या कॉक्लिआपर्यंत जवळजवळ न घटता जातो, आणि रुग्ण प्रामाणिकपणे बटण दाबतो. हेडफोनचा आवाजही पलीकडे गळतो, फक्त वाटेत निदान 40 डेसिबल गमावून. म्हणजे डावीकडे 60 चा स्वर दिला की उजव्या कॉक्लिआला तो 10 ते 20 च्या आसपास ऐकू येऊ शकतो. आलेखावरची डावी रेषा ही उजव्या कानाची सावली आहे, आणि तिला सावलीचा आलेख असंच म्हणतात.

उपाय मास्किंगचा. उजव्या कानात चाचणीच्या स्वराभोवतीचा अरुंद पट्ट्याचा गोंगाट सोडून तो गुंतवून ठेवायचा आणि डाव्याची चाचणी पुन्हा घ्यायची. गोंगाट 10-10 ने वाढवूनही डाव्याचा आकडा दोन-तीन पायऱ्या जागचा हलला नाही, तर तो डाव्याचाच. गोंगाटाबरोबर आकडाही वाढत राहिला, तर अजून उजवाच ऐकतो आहे. आपल्या उदाहरणात हवा आणि हाड दोन्ही यंत्राच्या मर्यादेपर्यंत घसरतात आणि खुणेला खाली जाणारा बाण लागतो: प्रतिसाद नाही. निदान उलटं झालं, तीव्र सेन्सरीन्यूरल. म्हणून आधी खुणा बघाव्यात. हाडासाठी चौकोनी कंस असेल तर मास्किंग झालं आहे. टोकदार असेल आणि गॅप मोठी दिसत असेल, तर उत्तर लिहायची घाई नको.

ट्यूनिंग फोर्क दिला असेल तर तोही बोलतो, पण अर्धवट. रिने चाचणीत फोर्क कानासमोर आणि कानामागच्या हाडावर धरून तुलना करतात; हाडावर जास्त ऐकू आलं तर ती निगेटिव्ह. अशा बहिऱ्या कानात ती खोटी निगेटिव्ह येते, तीही याच गळतीमुळे. कपाळाच्या मध्यावर फोर्क टेकवून घेतलेली वेबर मात्र सहसा फसत नाही: खरा कंडक्टिव्ह दोष असता तर आवाज डावीकडे गेला असता, इथे तो चांगल्या, उजव्या कानाकडे जातो.

हाडाची रेषा आणखी एका ठिकाणी दगा देते. ओटोस्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे तीन हाडांपैकी शेवटचं स्टेपीस जाम होतं त्या आजारात, ती 2000 हर्ट्झला खोलगट दिसते, साधारण 15 डेसिबलने. तिथे कॉक्लिआ खराब झालेला नसतो. कंपक कवटी हलवतो तेव्हा मधली हाडंही जडत्वाने मागे-पुढे होतात आणि 2000 च्या आसपास तीच कॉक्लिआला थोडी मदत करतात. स्टेपीस जाम झाला की ती मदत थांबते. हाच कारहार्टचा खळगा. शस्त्रक्रियेत स्टेपीसच्या जागी कृत्रिम दांडी बसवली की तो बहुतेकदा भरून येतो, म्हणून तेवढ्या एका खड्ड्यावरून दोष मिश्र ठरवणं चूक. गोंगाटाने झालेला खळगा याहून वेगळा: तो सहसा 4000 ला असतो, आणि तिथे हवेची रेषाही हाडाच्या बरोबरीने खाली गेलेली असते.